पावसाळ्यात घडीतली त्वचा सोलवटते तेव्हा: घासणं, यीस्ट आणि गजकर्ण ओळखून कोरडेपणा कसा टिकवायचा

जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात घाम येतो पण वाळत नाही. हवेतच इतका ओलावा असतो की अंगावरचं पाणी उडून जायला जागाच उरत नाही. उघड्या हातापायांवर याचा फारसा त्रास होत नाही, कारण पंखा लावला की काम भागतं. खरी अडचण घड्यांमध्ये होते: स्तनांखाली, जांघेत, काखेत, ढेरीच्या वळीखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला. तिथे कातडी कातडीला चिकटलेली असते. घाम आत अडकतो, वरचा थर भिजून पांढरट आणि मऊ पडतो, आणि अशी मऊ पडलेली त्वचा साध्या चालण्या-बसण्यानेही सोलवटते. सोलवटलेल्या जागी यीस्ट नावाची बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, फोफावते. ती बाहेरून आलेली नसते. बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात ती एरवीही थोडीफार असतेच. तिला ऊब, ओल आणि फाटलेली त्वचा मिळाली की ती पसरते.

म्हणून यातलं औषध हा छोटा भाग आहे. ट्यूब दोन-तीन आठवड्यांत आपलं काम करते. घडी कोरडी ठेवण्याचं काम मात्र पाऊस असेपर्यंत चालू ठेवावं लागतं. ट्यूबवर ट्यूब संपवूनही ज्यांचं पुरळ परत येतं, त्यांचं बहुतेक वेळा या दुसऱ्या भागातच चुकत असतं.

आधी नीट बघा

आंघोळीनंतर खिडकीजवळ उजेडात उभं राहा, घडी हाताने उचला आणि आरशात बघा. ढेरीखालचं किंवा जांघेतलं दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि पुढे डॉक्टरकडे गेलात तर तोच फोटो कामी येतो. साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

नुसतं घासलेलं असेल तर लाली घडीच्या तळाशी रेषेसारखी असते, दोन्ही बाजूंना सारखीच, जणू आरशातलं प्रतिबिंब. खाजेपेक्षा चुरचुर जास्त, आणि घाम किंवा पाणी लागलं की झोंबतं. दोन-तीन दिवस कोरडं ठेवलं की ती फिकी पडू लागते.

यीस्ट असेल तर लाली गडद असते. सावळ्या त्वचेवर ती लालपेक्षा काळपट-तांबूस किंवा जांभळट वाटते. जागा ओलसर, चकचकीत, कडेला पातळ पांढरट साल सुटलेली, कधी तळाशी दह्याच्या कवडीसारखं पांढरं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे मुख्य चट्ट्याच्या बाहेर, थोड्या अंतरावर सुटे सुटे छोटे लाल दाणे किंवा पुटकुळ्या दिसतात. हे सुटे दाणे दिसले की यीस्टचा संशय पक्का धरावा. खाज आणि जळजळ दोन्ही असतात. पुरुषांमध्ये वृषणाच्या पिशवीवरही लाली असेल तर ते यीस्टच्या बाजूने जातं, कारण गजकर्ण सहसा ती जागा सोडतं.

गजकर्ण, म्हणजे नायटा, वेगळा. त्याची कड उठलेली, खवलेदार, गोलाकार असते आणि आतला भाग तुलनेने साफ होत जातो. तो जांघेतून मांडीवर आणि कुल्ह्यावर सरकतो. खाज जबरदस्त, विशेषतः रात्री. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचा नायटा पूर्वीसारखा सरळ राहिलेला नाही. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. तिच्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध नीट चालत नाही. त्यामुळे अंगभर पसरलेला किंवा परत परत येणारा नायटा घरी हाताळू नये.

नुसती तपकिरी, फारशी न खाजणारी, सपाट डागासारखी जागा असेल तर ती यातली कोणतीच नसून जिवाणूंमुळे झालेली असू शकते, आणि तिचं औषध वेगळं असतं. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ त्या जागेची किंचित साल खरवडून, तिच्यावर केओएच नावाचं रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणी साधी आहे, बहुतेक ठिकाणी लगेच उत्तर मिळतं आणि महिनाभराची चाचपड वाचते. फक्त त्याआधी काही दिवस त्या जागी बुरशीचं मलम लावलेलं नसावं, नाहीतर काही सापडत नाही.

मेडिकलमधली ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब

आपल्याकडे खाज सांगितली की काउंटरवरून एक ट्यूब हातात येते. तिच्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि एक जोरदार स्टिरॉइड एकत्र असतं. बॉक्सवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन असं काही छापलेलं असेल तर ती तीच. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते आणि माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र निवांत वाढत राहते, कारण तिला रोखणारी शरीराची प्रतिक्रियाच दबलेली असते. शिवाय घडीत कातडी पातळ आणि दमट असल्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. काही आठवड्यांत तिथली त्वचा कागदासारखी पातळ होते, मांडीच्या आत लांबट चिरा पडतात, आणि त्या चिरा नंतर नाहीशा होत नाहीत. अशा स्टिरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. ती न मागता कोणी देत असेल तरी घेऊ नका.

यीस्टवर काय लावायचं, किती, किती दिवस

साधं, एकच औषध असलेलं मलम पुरतं: क्लोट्रिमाझोल 1 टक्का किंवा मायकोनाझोल 2 टक्के. दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर आणि रात्री झोपण्याआधी. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनच्या गोळ्या चालू असतील तर मायकोनाझोल घेऊ नका, क्लोट्रिमाझोल घ्या आणि डॉक्टरना सांगा.

किती लावायचं, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर, टोकापासून सांध्यापर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि तेवढं मलम बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही स्तनांखालची जागा मिळून दोन तळव्यांएवढी असेल तर एका वेळी एक रेघ, दिवसाला एक ग्रॅम, दोन आठवड्यांना चौदा ग्रॅम. म्हणजे पंधरा ग्रॅमची ट्यूब बरोबर पुरते. दहा दिवसांत संपली तर जास्त लावताय, आणि जाड थर घडीत ओलच अडकवतो. महिनाभर उरली तर कमी लावताय, किंवा मध्येच विसरताय.

मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावा, कारण ते सुटे दाणे तिथेच असतात. जागा साफ दिसू लागल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. खाज पाच-सहा दिवसांत थांबते, आणि बहुतेक जण त्याच दिवशी ट्यूब बाजूला ठेवतात. दोन आठवडे नेमाने लावूनही काहीच फरक नसेल तर तोच प्रकार पुढे ओढू नका. निदान चुकलं असण्याची शक्यता जास्त.

बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलच्या गोळ्या ओळखीच्या कोणाला दिल्या म्हणून आपणही घ्यायच्या नाहीत. त्या इतर अनेक गोळ्यांशी गुंतागुंत करतात.

कोरडं ठेवायचं म्हणजे काय करायचं

पहिली गोष्ट पुसण्याची. कोमट पाणी, सौम्य साबण, हातानेच धुणं. घासणी, काथ्या बंद. साबण नीट निघून गेला पाहिजे, कारण घडीत राहिलेला साबण स्वतःच खाज आणतो. पाण्यात अँटिसेप्टिकचं टोपण टाकायची आपल्याकडची सवय सोडा. सोलवटलेल्या जागी ते भाजतं. मग पंचा घ्या, जाड टॉवेल नको, आणि टिपा. घासायचं नाही. पंचा पातळ असल्यामुळे घडीच्या तळापर्यंत जातो आणि स्वतःही लवकर वाळतो. पुरळ असलेल्या जागेसाठी वेगळा पंचा ठेवा.

टिपल्यावर जागा कोरडी वाटते, पण तळाशी ओल असतेच. घडी उचलून पंख्यासमोर पाच मिनिटं बसा किंवा आडवे व्हा. घाई असेल तर हेअर ड्रायर गार हवेवर लावून हातभर अंतरावरून फिरवा. गरम हवा कधीच नाही. मधुमेह असलेल्यांना चटका उशिरा कळतो, आणि घडीत भाजलेलं लवकर भरत नाही.

दुसरी गोष्ट कापडाची. हीच बाकी सगळ्यापेक्षा कामाची. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर घ्या आणि घडीच्या लांबीच्या पट्ट्या कापा, दोन पदरी, रुंदीला चार-पाच बोटं. कड शिवू नका, ती टोचते. पट्टी घडीत सपाट ठेवा, चुणी न पडता, आणि एक कड दोन बोटं बाहेर राहू द्या. आतली ओल कापड शोषतं आणि बाहेर राहिलेल्या कडेवरून थोडीफार हवेत जाते. सगळं कापड आत कोंबलं तर ते फक्त ओलं फडकं होऊन बसतं. पट्टीमुळे कातडी कातडीला लागत नाही, म्हणजे घासणंही थांबतं. टिश्यू पेपर वापरू नका, त्याचे तुकडे चिकटतात. कापूसही नको.

पट्टी बदलायची घड्याळ बघून नाही, हात लावून. ओलसर लागली की बदला. पावसाळ्यात दिवसाला तीन-चार लागतात. ऑफिसला जाणाऱ्यांनी पाकिटात दोन घडी करून न्याव्यात आणि दुपारी जेवायच्या आधी बदलाव्यात.

मलम लावलेल्या वेळी पट्टी लगेच ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं मलम मुरू द्या, नाहीतर ते त्वचेऐवजी कापडाला लागतं.

आता पावडर. टाल्कम पावडर थोडी ओल शोषते आणि मग गोळे होतात. ते गोळे घडीत वाळूच्या कणांसारखे घासतात. मलमावर पावडर टाकली तर चिखल होतो. जांघेत आणि जननेंद्रियाजवळ टाल्क तर नकोच. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोगाला कारण ठरण्याची दाट शक्यता असलेल्या गटात टाकलं आहे. क्लोट्रिमाझोलची पावडर वेगळी. ती बरं झाल्यावर, पुन्हा होऊ नये म्हणून, कोरड्या जागेवर अगदी पातळ लावायला ठीक आहे. ओल्या, लाल जागेवर मलमच. कॉर्नफ्लॉवर स्वयंपाकघरात राहू दे.

त्वचा फुटून पाणी येत असेल तर आधी थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं ठेवा, दिवसातून दोनदा, मग टिपून वाळवा. नुसतं सोलवटलेलं, यीस्ट नसलेलं असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात संरक्षण देतं. ते काढताना घासू नका. खोबरेल तेलाच्या बोळ्याने अलगद सुटतं. एरवी ओल्या घडीत तेल चोपडणं, लसूण किंवा लिंबू लावणं मात्र करू नका.

मांड्यांचं घासणं जरा वेगळं, कारण तिथे पट्टी टिकत नाही. आळंदीहून पंढरपूरला चालणाऱ्यांना हे सांगायला नको. पहाटे निघण्याआधी, त्वचा कोरडी असताना, मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा आणि साडीच्या किंवा पायजम्याच्या आत गुडघ्यापर्यंतची, अंगाबरोबर बसणारी चड्डी घालायची. पावसात भिजलात तर विसाव्याच्या ठिकाणी पहिल्यांदा ती चड्डी बदलायची, चहा नंतर. पण पुरळ आधीच यीस्टचं असेल तर त्यावर जेलीचा थर नको.

चिपळूणच्या काकूंचं उदाहरण

ओळखीतल्या एका काकूंचं सांगते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरलेल्या, दहा वर्षांचा मधुमेह. जुलैमध्ये दोन्ही स्तनांखाली चुरचुर सुरू झाली. आधी घामोळ्यांची पावडर, मग मेडिकलमधली ट्यूब. चार दिवसांत खाज गेली म्हणून थांबवली. आठवड्याने पुरळ आधीपेक्षा रुंद होऊन परत आलं, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. "अगं, इतकी स्वच्छ राहते मी, दिवसातून तीनदा आंघोळ करते, तरी कसं होतं हे?" हा त्यांचा प्रश्न. तीनदा आंघोळ हाच त्यातला एक भाग होता. प्रत्येक वेळी साबण, टॉवेलने खसाखसा पुसणं आणि लगेच ब्लाउज.

उजेडात बघितलं तर चट्टा गडद, ओला, आणि पोटाकडच्या बाजूला सुटे दाणे. ट्यूबवर क्लोबेटासोल. डॉक्टरांनी खरवडून बघितलं, यीस्ट निघालं. स्टिरॉइडची ट्यूब बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस लाली आणि जळजळ वाढली. हे असं होतं आणि त्यामुळेच लोक घाबरून पुन्हा तीच ट्यूब लावतात. काकूंना आधीच सांगितलेलं होतं म्हणून त्या थांबल्या, थंड कापडावर भागवलं. क्लोट्रिमाझोल दोनदा, आंघोळ दोनदाच आणि साबण एकदाच, सुती पट्ट्या.

ब्रेसियरचा वाटा मोठा होता. त्यांचा पट्टा मागे पाठीवर वर चढलेला असे, म्हणजे तो सैल होता आणि स्तन उचलले न जाता पोटावर टेकत होते. सैल पट्टा आरामाचा वाटतो, पण घडी उघडी ठेवत नाही. मापाची सुती ब्रेसियर घेतली, रोज धुतलेली घातली, रात्री ती काढून नुसती पट्टी ठेवली. परकराची नाडी कमरेच्या वळीत रुतत होती, तिथे रुंद इलॅस्टिक घातलं. सहाव्या दिवशी खाज थांबली, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुटे दाणे गेले, तिसऱ्या आठवड्यात मलम बंद झालं. त्यानंतर महिनोन्महिने तिथे तपकिरी डाग राहिला. तो संसर्ग नसतो, त्याला काही लावायचं नसतं.

साखरही तपासली, ती बरीच वर होती. रक्तातली साखर जास्त असली की यीस्टला फावतं, आणि मधुमेहाचं निदान न झालेल्या माणसात वारंवार येणारं घडीतलं पुरळ हीच कधी कधी पहिली खूण असते. म्हणून एका पावसाळ्यात दुसऱ्यांदा झालं तर उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना जननेंद्रियाभोवती यीस्टचा त्रास जास्त होतो. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरना सांगा.

कपडे

आतले कपडे पावसात दोन दिवस दोरीवर असतात आणि वरून वाळलेले वाटतात. शिवण आणि इलॅस्टिक मात्र ओलंच असतं. शिवण वरच्या ओठाला लावून बघा. गार लागली तर ओली आहे. सुती कपड्यांच्या शिवणीवर इस्त्री फिरवा, इलॅस्टिकवर मंद आचेची. घरात पंख्याखाली वाळवताना कपड्यांत हातभर जागा सोडा. चड्डी दिवसातून दोनदा बदला, रात्री सैल सुती काहीतरी घाला. घट्ट जीन्स ऑगस्टमध्ये कपाटात राहू द्या. पुरळ असेपर्यंतच्या पट्ट्या आणि पंचा गरम पाण्यात धुवा, आणि पंचा कोणाला वापरायला देऊ नका.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं दुसऱ्यालाच करावं लागतं. स्पंज करताना प्रत्येक घडी उचला, बघा, टिपा, पट्टी ठेवा. डायपर असेल तर ओला होताच बदला. लहान बाळाच्या मानेखालच्या आणि जांघेतल्या घडीलाही हेच, पण मलम बालरोगतज्ज्ञांना विचारून.

डॉक्टरकडे लगेच जायची कारणं थोडी आहेत, पण ती टाळू नयेत: ताप, पू किंवा घाण वास, लाली तासातासाला पसरणं, हात लावल्यावर जागा गरम आणि कडक लागणं. जांघेत किंवा गुद-जननेंद्रियाच्या भागात दिसतंय त्यापेक्षा खूप जास्त दुखत असेल किंवा त्वचा काळी पडत असेल, आणि त्यात मधुमेह असेल, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

पाऊस थांबला म्हणून पट्ट्या लगेच गुंडाळून ठेवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात घाम पुन्हा सुरू होतो, आणि बरेच जण नेमके तेव्हाच दुसऱ्यांदा दवाखान्यात दिसतात. कोकणात दिवाळीपर्यंत चालू ठेवा. घाटावर थोडं आधी थांबवलं तरी चालतं.